उत्तर: मठ का बुडवले?

> हेन्रीला फक्त घटस्फोट हवा होता ना? मग मठ कशाला बुडवले?

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या घटस्फोटाचं काम १५३३-३४ मध्येच उरकलं होतं. मठांचं कारण मुख्यतः पैसा. १५३५ मध्ये त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने चर्चच्या सगळ्या उत्पन्नाची मोजणी करवली आणि त्याच आकड्यांवर १५३६ चा कायदा बेतला: वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ बंद. कारण दिलं अनाचाराचं. पण अनाचार उत्पन्न बघून होतो का? त्याच कायद्यात मोठ्या मठांची धार्मिक शिस्त वाखाणली आहे, आणि १५४० पर्यंत तेही संपले.

रोमच्या पोपशी नातं तोडूनही हेन्री प्रोटेस्टंट झाला नव्हता, हेही लक्षात घ्या. १५३९ च्या ‘सहा कलमे’ या कायद्याने पुरोहितांचं ब्रह्मचर्य आणि खाजगी मास हा कॅथलिक उपासनाविधी कायम ठेवले.

बंद मठांच्या जमिनी राजाकडे आल्या. त्या कायम त्याच्याकडे राहिल्या असत्या तर संसदेकडे हात पसरायची गरज बरीच कमी झाली असती. पण फ्रान्स-स्कॉटलंडच्या युद्धांसाठी त्या विकाव्या लागल्या, साधारण वीस वर्षांच्या उत्पन्नाएवढ्या किमतीला. घेणाऱ्यांत कॅथलिक जमीनदारही होते. म्हणूनच १५५४ मध्ये हेन्रीची कॅथलिक मुलगी राणी मेरीने इंग्लंड पुन्हा रोमकडे नेलं, तेव्हा पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पोल याला जमिनी आहेत त्यांच्याकडेच राहतील असं मान्य करावं लागलं.