आरसा ठेवून बघा

«जुन्या छापील फोटोची फोनने कॉपी काढतोय. स्टँड सरळ लावलाय, तरी फोटोची एक बाजू अरुंद येते आणि वर चकाकी दिसते.»

फोटोच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यात बघा. लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत फोन कलता करत राहा. ते मध्यावर आलं की लेन्स आणि फोटो समांतर. लेव्हल ॲपपेक्षा हे खात्रीचं, आपली टेबलं कुठे सपाट असतात!

मग तोच आरसा चारही कोपऱ्यांत सरकवा. ट्यूबलाइट किंवा खिडकी दिसली, तर चकाकी तिथूनच येतेय. दिवे बंद करून खिडकीचा उजेड बाजूने तिरपा घ्या, खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. फोनची सावली पडली तर स्टँड उंच करून 2x झूमवर काढा. वळलेला फोटो मात्र तरीही चमकेल, तो आधी सपाट करावा लागतो.