‘अबुलिया’ला मराठीत काय म्हणायचं? ‘औदासीन्य’ सांगितलं की घोळ होतोय

तासगावची सून
सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘अबुलिया’ असं निदान लिहिलंय. वय ६९, आयुष्यभर द्राक्षबाग. मेंदूत डाव्या बाजूला ‘कॉडेट’ म्हणून भाग असतो, त्याच्या पुढच्या टोकाचा रक्तपुरवठा बंद पडला. हातपाय शाबूत आहेत, बोलणंही स्पष्ट. पण ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली तरी बागेचं नाव काढत नाहीत. सोप्यात बसवलं की तिथंच. ताट पुढं ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. पुतण्याने बागेत भलतीच काडी ठेवली, एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आता नुसतं “बरं”.

भावकी म्हणते मनाला लावून घेतलंय. सासूबाई म्हणतात माझ्यावर रुसलेत, कारण त्यांनी दहा वेळा विचारलं तरी उत्तर येत नाही, आणि पुण्याहून नणंदेचा फोन आला की धडधडीत बोलतात. कोशात ‘औदासीन्य’ सापडलं. ते सांगितलं की सगळे ‘उदास’ ऐकतात आणि समजूत घालायला येतात. दुसरा शब्द आहे का?

कोडेबहाद्दर
ऐदी, सुस्त, निरुद्योगी, आळशी. किती अक्षरी हवाय?

तासगावची सून
कोडं नाही हो, आजार आहे.

शब्दवेडा, सांगली
‘औदासीन्य’ मुळात चूक नाही. उदासीन म्हणजे वेगळा बसलेला, तटस्थ. रसायनशास्त्रात ‘उदासीन द्रावण’ म्हणतो तेव्हा ते काही रडत नसतं. ‘उदास’शी आपण नंतर गल्लत केली. पण तुम्हाला ‘निरिच्छता’ जास्त बसेल. इच्छाच उरली नाही.

मिरजवाली
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, असे पेशंट बघते. ‘निरिच्छ’ घरात चालत नाही, कारण आपल्याकडे ती स्तुती आहे. आजोबा विरक्त झाले म्हणून लोक पाया पडतील आणि पाणी द्यायचं राहून जाईल.

फोनचं आधी सांगते, कारण सासूबाईंना त्याचाच त्रास होत असणार. ते रुसणं नाही. मिलर फिशर नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९८३ मध्ये अबुलियावर लिहिताना नेमकं हेच नोंदवलं होतं: समोरच्या माणसाला उत्तर न देणारा पेशंट फोनवर बोलतो. असं का होतं हे पक्कं कुणी सांगू शकत नाही. घंटा वाजते, कानाशी आवाज येतो, आता आपली बोलायची पाळी हे आपोआप ठरतं, म्हणून असेल. बाहेरून ढकलणारं काही मिळालं की गाडी निघते, आतून निघत नाही.

विश्रामबाग
वडील गेल्यावर माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. खोलीतून बाहेर यायची नाही. गोळ्या सुरू केल्या, हळूहळू पहिल्यासारखी झाली. यांनाही डिप्रेशनच असणार, नाव काही का द्या.

मिरजवाली
आई रडायची का?

विश्रामबाग
रात्री तीनला उठून बसायची. “त्यांना वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, माझीच चूक.” मला कशाला ठेवलंय म्हणायची.

मिरजवाली
तोच फरक. तुमच्या आईच्या मनात खूप काही चाललं होतं, सगळं दुखरं: अपराध, ओझं, मरणाचा विचार. सुनबाईंच्या सासऱ्यांना विचारून बघा, मनात काय चाललंय. बहुतेक “काही नाही” म्हणतील आणि ते खरं असेल. वाईट बातमीने त्रास होत नाही तसा चांगल्या बातमीने आनंदही फारसा होत नाही. त्रास होतो तो घरच्यांना.

कपाळामागे मेंदूच्या दोन अर्धांच्या आतल्या बाजूला जो भाग आहे, तिथून कॉडेटकडे, पुढे पॅलिडम आणि थॅलॅमसमार्गे परत कपाळाकडे असा फेरा असतो. ‘हे करू या’ असं जे आतून उठतं, ते या फेऱ्यातून. तो कुठेही तुटला तरी चित्र जवळपास सारखंच दिसतं, म्हणून एवढ्याशा डागाने माणूस थांबतो. १९९४ मध्ये भाटिया आणि मार्सडेन यांनी कॉडेट, पॅलिडम अशा मेंदूतल्या खोलवरच्या भागांना इजा झालेल्या २४० पेशंटच्या छापील नोंदी एकत्र तपासल्या. वागणुकीतल्या बदलांत अबुलिया सगळ्यांत जास्त होता, १३ टक्के, आणि कॉडेटला इजा असली तर आणखी जास्त.

तासगावची सून
पण दवाखान्यात पंधरा प्रश्नांचा कागद भरून घेतला, पाच गुण आले म्हणून डिप्रेशनची गोळीही दिलीय.

मिरजवाली
कोणते पाच, कागद आहे का?

तासगावची सून
आवडीची कामं सोडली: हो. बाहेर जाण्यापेक्षा घरी बरं वाटतं: हो. अंगात उत्साह: नाही. विसरायला होतं: हो. बहुतेक वेळ आनंदी: नाही. हताश, निरुपयोगी, असहाय वाटतं का, याला तिन्ही ठिकाणी ‘नाही’.

मिरजवाली
बघा. पाचला डिप्रेशनची शंका घ्यायची असा रिवाज आहे, आणि हे पाचही गुण निव्वळ चालना नसली तरी पडतात. बेरजेपेक्षा कुठल्या प्रश्नाला ‘हो’ आलं ते बघायचं. पण झटक्यानंतर दोन्ही एकत्र असू शकतात, त्यामुळे मी इथून निकाल देणार नाही. त्या जातीच्या काही गोळ्यांनी एखाद्याचं मन आणखी बोथट होतं. आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना हाच कागद दाखवून विचारा. डोपामिन वाढवणारी औषधं काही जणांना लागू पडतात. पुरावा थोडा आहे, हमी कुणी देऊ नये. झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा, आणि थायरॉईड तपासलंय का बघा.

घरी मात्र “काय करू या?” असं विचारू नका. कात्री हातात द्या, वेलापाशी उभं करा, “ही काडी कापा” म्हणा. कापतील. मग पुढची दाखवा. अंघोळीत मध्येच थांबतील, तिथे “आता पाठ” म्हणायला कुणी हवं. पाण्याचं विशेष बघा. तहान लागली तरी उठणार नाहीत. पेला हातात द्यायचा, समोर ठेवून भागत नाही.

शब्दवेडा, सांगली
तर मग ‘इच्छालोप’?

तासगावची सून
“चहा घेणार?” विचारलं तर “हो” म्हणतात. कपही रिकामा करतात. इच्छा गेली कसं म्हणू?

मिरजवाली
म्हणून मी ‘चालना गेली’ म्हणते. बागायतदाराच्या घरी सांगायचं तर मोटर ठीक, लाईट आहे, स्टार्टर उचलत नाही.

विश्रामबाग
पण तुम्हीच म्हणालात आनंदही होत नाही. मग मोटर ठीक कशी?

मिरजवाली
बरोबर पकडलंत. काहींत भावना बोथट होते, काहींत बेत आखणं जमत नाही, काहींत नुसती सुरुवात होत नाही. २००६ मध्ये लेव्ही आणि दुबुआ यांनी हे तीन वेगळे प्रकार सांगितले. सगळ्यांना एकच शब्द बसेल असं मला वाटत नाही.

शब्दवेडा, सांगली
‘चालनालोप’ सुचवतो. ‘लोप’ने कायमचं गेल्यासारखं वाटतं, ही अडचण आहे.

तासगावची सून
झटक्याला दोनच महिने झालेत, त्यामुळे ‘लोप’ नको. काल भावकीला “चालना बसलीय, मन दुखलेलं नाही” एवढं सांगितलं. चुलत सासऱ्यांना पटलं. सासूबाईंना नाही. त्या आता आतल्या खोलीतून सोप्यातल्या फोनवर फोन लावतात आणि जेवायला काय करू विचारतात. काल “पिठलं” म्हणाले.