एटीएम कुठला धरायचा: आजचा भाव की पुढचा?

सुदामानगरकर
निफ्टी बरोबर २४,००० वर आहे. नव्वद दिवसांनी संपणारा २४,०००चा कॉल, म्हणजे त्या भावाला घ्यायचा हक्क, ७९० ला आणि त्याच स्ट्राइकचा, त्याच ठरलेल्या भावाला विकायचा हक्क म्हणजे पुट, ४७० ला. दोन्ही एटीएम, म्हणजे स्ट्राइक चालू भावावरच, मग हा ३२० चा फरक कसला? माझं मत विचाराल तर बाजार तेजीच्या नशेत आहे आणि कॉल फुगलाय. कॉल विकून पुट घेतला की ३२० पॉइंट हातात येतात, आणि निफ्टी जागचा हलला नाही तर ते आपलेच. कुठे चुकतोय?

रोजचा स्ट्रॅडलवाला
चुकत नाहीयेस. स्क्रीनवर स्पॉटजवळची, म्हणजे आजच्या भावाजवळची ओळ असते, तीच एटीएम. मी चार वर्षं त्याच ओळीचा कॉल आणि पुट दोन्ही, म्हणजे स्ट्रॅडल, विकतोय. कॉल महाग म्हणजे खरेदीदार जास्त, एवढं साधं आहे. भिया, ह्यात प्रबंध लिहायची गरज नाही.

तिलकनगरची लेक
खरेदीदार जास्त असण्याशी ह्या ३२० चा काही संबंध नाही. मुंबईत बँकेच्या ट्रेझरीत अकरा वर्षं हेच केलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

सुदामानगरकर, कॉल विकून त्याच स्ट्राइकचा पुट घेतला की शेवटच्या दिवशी निफ्टी वर असो वा खाली, तुम्हाला तो २४,००० ला विकल्याचाच हिशोब मिळतो. म्हणजे तुम्ही आज निफ्टी वायद्याने विकला. आता समोरच्याच्या जागी बसून बघा. तो नव्वद दिवस निफ्टी बाळगायच्या ऐवजी तुमच्याकडून वायद्याने घेतोय, त्याचे २४,००० तोवर बँकेत पडून आहेत. साडेसहा टक्क्यांनी नव्वद दिवसांचं व्याज होतं ३८५. उलट बाजूला, शेअर हातात नसल्यामुळे मधल्या काळातला लाभांश त्याला मिळणार नाही. तो ६० पॉइंट धरू. म्हणून पुढचा भाव २४,३२५.

तुमचा स्ट्राइक २४,००० आहे, म्हणजे ह्या भावापेक्षा ३२५ ने कमी किमतीला तुम्ही विकताय. ते ३२५ त्याने तुम्हाला भरून द्यायचे, पण आजच, म्हणून नव्वद दिवसांचं व्याज काढून ३२०. कॉल वजा पुट, ७९० वजा ४७०. तेजी नाही आणि नशाही नाही.

सुदामानगरकर
म्हणजे निफ्टी तीन महिन्यांनी २४,३२५ होणार, असं बाजाराचं म्हणणं आहे? मग तेजीच झाली ना!

आप्पा, जुनी इंदूर
नाही रे बाबा. हे भाकीत नव्हे, हे भाडं आहे. आमच्या काळी ह्याला बदला म्हणायचे. सौदा केला, पैसे भरायचे नसले की पुढच्या सेटलमेंटला न्यायचा आणि पैसे लावणाऱ्याला व्याज द्यायचं, तो सीधा बदला. शेअरचीच टंचाई झाली की गंगा उलटी वाहायची, विकणाराच खरेदीदाराला पैसे देई, तो ऊंधा बदला. २००१ मध्ये बदला बंद झाला, त्याच सुमारास वायदे-ऑप्शन आले, पण व्याज कुठे गेलं? ते वायद्याच्या भावात जाऊन बसलं. बदला १० टक्के लागला म्हणून शेअर १० टक्के चढेल, असं आमच्याकडे शेंबडं पोरही म्हणत नसे.

छावणीचा धान्यवाला
माझं सोयाबीनचं विचारायचं होतं. सासऱ्यांचा माल गोदामात आहे. पाच हजारांचा भाव धरला तर चार महिन्यांचं दहा टक्क्यांनी व्याज क्विंटलमागे १६७ होतं. गोदामभाडं वेगळं, वाळून वजन घटतं ते वेगळं. मग चार महिन्यांनी भाव तेवढा वर मिळायलाच हवा ना? मिळत तर नाही.

तिलकनगरची लेक
मिळायलाच हवा असं नाही. आज पुढच्या भावाचा सौदा पक्का करणारा कोणी भेटला, तर तुम्ही त्याच्याकडे हा सगळा खर्च मागाल, एवढंच त्यातून निघतं. सोयाबीनचा वायदा डिसेंबर २०२१ पासून बंद केला, त्यामुळे तो पुढचा भाव समोर दिसतही नाही. तुम्ही नुसता माल धरून बसलाय, ती पैज आहे. शिवाय नवं पीक तोंडावर असलं की पुढचा भाव आजच्यापेक्षा खालीही असतो, कारण गिरणीला माल आत्ता हवा असतो. निफ्टीत गोदाम नाही, वजनघट नाही, फक्त व्याज आणि लाभांश. म्हणून तिथे हिशोब सरळ बसतो.

रोजचा स्ट्रॅडलवाला
सगळं मान्य, तरी एटीएम हे शेवटी नाव आहे. कोणी स्पॉटला म्हणो, कोणी वायद्याला. धंद्यात काय फरक पडतो ते सांगा.

तिलकनगरची लेक
फरक तुमच्या खिशात पडतो. त्याच साखळीत, म्हणजे स्ट्राइकच्या यादीत, खाली या. २४,३०० ला कॉल ६२९, पुट ६०४. २४,३५० ला कॉल ६०४, पुट ६२९. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात त्या मध्ये, २४,३२५ पाशी. तुम्ही २४,००० चा स्ट्रॅडल "मला दिशा नको" म्हणून विकता, तेव्हा खरं तर ३२५ पॉइंट आतला कॉल आणि तेवढाच बाहेरचा पुट विकता. निफ्टी वर गेला की तुमचं नुकसान लगेच सुरू, खाली आला की फायदा. न सांगता मंदीची पोझिशन घेतली.

दुसरी खूण. माझ्या भाच्याने कुठल्याशा ॲपवर मला दाखवलं, एकाच स्ट्राइकवर कॉलची व्होलॅटिलिटी, म्हणजे भावावरून काढलेला वर्षाचा अपेक्षित चढ-उतार, १६.६ टक्के आणि पुटची ९.९. तो म्हणे पुट स्वस्त आहे, घेतो. पुट स्वस्त नव्हता. ॲप स्पॉटच धरून, व्याज शून्य समजून उलटा हिशोब करत होतं. ७९० आणि ४७० हे भाव २४,३२५ धरून मोजा, दोन्हीकडे सुमारे १३ येतात. एकाच स्ट्राइकच्या कॉल-पुटमध्ये एवढी दरी दिसली की आधी पुढचा भाव चुकलाय असं समजावं, संधी सापडली असं नव्हे.

हाच अपेक्षित चढ-उतार मोजणारा एनएसईचा निर्देशांक, इंडिया व्हिक्स, तोसुद्धा स्पॉट धरत नाही. त्याच महिन्याचं निफ्टी फ्युचर पुढचा भाव म्हणून घेतात आणि त्याच्या लगेच खालचा स्ट्राइक एटीएम धरतात.

फॉरेक्सवाला, वडोदऱ्याहून
थोडी भर घालतो. पुढचा भाव म्हणजेच एटीएम हेही अर्धंच खरं आहे. डॉलर-रुपयात आमचे डीलर एटीएम म्हणतात तेव्हा बहुधा तो स्ट्राइक असतो जिथे कॉल आणि पुटचे डेल्टा, म्हणजे भाव एकने हलला की ऑप्शन किती हलतो ते आकडे, एकमेकांना खातात. तो पुढच्या भावाहूनही थोडा वर असतो. तुमच्या आकड्यांत १३ ची व्होलॅटिलिटी धरली तर २४,३७५ च्या आसपास. म्हणजे एका साखळीत तीन "एटीएम" झाले. ज्याला डेल्टा ०.५० हवा त्याने माझा घ्यावा. भाव सारखे हवेत त्याने ताईंचा.

रोजचा स्ट्रॅडलवाला
तीन महिन्यांचं उदाहरण घेऊन जिंकताय. मी करतो सात दिवसांचं. सात दिवसांचं व्याज ३० पॉइंट, म्हणजे पन्नासच्या एका पायरीइतकंही नाही. एवढं तर माझ्या खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकात आणि खर्चात निघून जातं.

तिलकनगरची लेक
सात दिवसांपुरतं तुमचं बरोबर आहे, हे मी मान्य करते. शेवटच्या दोन दिवसांत तर विषयच संपतो. पण स्पॉट २३,९९० असेल तर तुमचं सॉफ्टवेअर २४,००० दाखवेल आणि पुढचा भाव २४,०२० वर असेल, म्हणजे ओळ बरोबरच. स्पॉट २४,०१० असेल तर ते २४,०००च दाखवेल, पण पुढचा भाव २४,०४० होतो आणि योग्य ओळ २४,०५० ची. रोज त्याच बाजूला चुकत असाल तर महिन्याला काय होतं ते तुमच्याच वहीत बघा.

रोजचा स्ट्रॅडलवाला
वहीत दिसलं तर सांगतो. मला नाही वाटत दिसेल.

सुदामानगरकर
मी आत्ता प्रत्यक्ष बघितलं. त्या महिन्याचं फ्युचर २४,३२५ नाही, २४,४०० ला आहे. मग कोण चुकतंय?

आप्पा, जुनी इंदूर
कोणी नाही. ४०० मध्ये लाभांशाचे ६० मिळव, तर ४६० होतात. नव्वद दिवसांचे ४६० म्हणजे वर्षाला जवळपास पावणेआठ टक्के. पैसे लावणाऱ्याला साडेसहाच का मिळावेत? शेअर घेताना एक दशांश टक्का कर, विकताना पुन्हा एक दशांश. झाले ४८ पॉइंट. वर मार्जिन. म्हणून पुढचा भाव म्हणजे रेघ नव्हे, पट्टा आहे, आणि त्याच्या आत कोणी हात घालत नाही. खालच्या अंगाला पट्टा आणखी रुंद, कारण शेअर उधार घेऊन विकणं आपल्याकडे सोपं नाही. घबराटीत फ्युचर स्पॉटच्याही खाली जातं ते त्यामुळेच.

सुदामानगरकर
पण मग कॉल-पुटवरून २४,३२५ आणि फ्युचर २४,४००, एकाच दिवशी दोन पुढचे भाव?

तिलकनगरची लेक
तुमचे ७९० आणि ४७० हे शेवटचे सौदे होते का? लांबच्या महिन्यात कॉलचा सौदा सकाळी सव्वादहाचा आणि पुटचा दुपारचा असू शकतो, आणि मध्ये निफ्टी ७५ हलला की झालं. शेवटचा सौदा सोडा. कॉल ज्या भावाला विकला जाईल आणि पुट ज्या भावाला घ्यावा लागेल ते दोन घ्या, मग उलटं करून पुन्हा मोजा. दोन आकडे मिळतील. फ्युचर त्यांच्या मध्ये असायला हवं.

सुदामानगरकर
कॉलला घेणारा ८२०, विकणारा ८६०. पुटला घेणारा ४३५, विकणारा ४६०. म्हणजे एकीकडून ३६० आणि दुसरीकडून ४२५.

आप्पा, जुनी इंदूर
व्याज लावून २४,३६६ ते २४,४३२. बसलं की नाही त्यात २४,४००? आता तो कॉल विकायचा विचार कर हवं तर, पण ३२० फुकट मिळतायत म्हणून नको.

सुदामानगरकर
माझ्याकडे इंडेक्स फंड आहे तेवढ्याच रकमेचा. तो ठेवून वायद्याने विकला तर?

तिलकनगरची लेक
मग तुम्ही पैसे लावणारे झालात. चढ-उतार गेला, हातात राहिलं ते भाडं. घेणाऱ्याच्या ३६० ला धरलं तर २४,०००वर ३६६ आणि फंडात येणारे लाभांशाचे ६०, मिळून वर्षाला साधारण सात टक्के, कर आणि खर्च सोडून. मुदत ठेवीशी तुलना करून बघा. मार्जिनसाठी रोख बाजूला ठेवावी लागेल आणि निफ्टी दोन हजार चढला तर फंड न मोडता ती भरावी लागेल, हे त्यात धरा.

छावणीचा धान्यवाला
आणि सोयाबीन विकू का ठेवू, ते राहिलंच.