प्रतिसाद: दोन्ही वर्षांत सरस, तरी एकूण मागे

"एका खेळाडूची सरासरी दोन्ही वर्षी दुसऱ्यापेक्षा जास्त, मग एकूण कमी कशी? बेरीज चुकली असणार."

बेरीज बरोबर असते, पण प्रत्येक वर्षाचं एकूणातलं वजन दोघांसाठी वेगळं पडतं. बेसबॉलमध्ये १९९५ साली डेव्हिड जस्टिसने बॅटिंगच्या ४११ संधींपैकी १०४ वेळा हिट मारले, नवख्या डेरेक जीटरने ४८ पैकी १२. म्हणजे ०.२५३ विरुद्ध ०.२५०. १९९६ला जस्टिस १४० पैकी ४५, जीटर ५८२ पैकी १८३. पुन्हा जस्टिसच किंचित वर. एकत्र केलं की जीटर ०.३१० आणि जस्टिस ०.२७०! जस्टिसच्या बहुतेक संधी कमी सरासरीच्या वर्षातल्या, जीटरच्या चांगल्या वर्षातल्या.

मुंबईच्या पावसाळी कांगा लीगच्या ओल्या विकेटवरची आणि कोरड्या मोसमातली सरासरी एकत्र करतानाही हे होऊ शकतं. फक्त क्रिकेटमध्ये वजन डावांचं नाही, किती वेळा आऊट झाला त्याचं. नॉटआऊटवाल्यांचे आकडे म्हणूनच जास्त फसवे.