मदत हवी आहे: लायसन्स, इन्स्टॉलेशन आणि वर्षभराचा सपोर्ट एकाच करारात, महसूल कसा दाखवायचा?

खतावणी: एका ग्राहकाला सॉफ्टवेअरचं कायमचं लायसन्स, इन्स्टॉलेशन आणि एक वर्षाचा सपोर्ट असं सगळं मिळून 9,00,000 ला दिलं आहे. सुटं विकतो तेव्हा हेच अनुक्रमे 6,00,000, 1,00,000 आणि 3,00,000 ला जातं. बिल करार झाला त्याच दिवशी गेलं, पैसेही जमा झाले. विक्री विभाग म्हणतो, सगळं याच तिमाहीत दाखवा. आयएफआरएस 15 बघता मला हे अजिबात पटत नाही. नीट कसं तोडायचं?

जमाखर्च: सपोर्टचे 3,00,000 बाजूला ठेवा आणि महिन्याला 25,000 घेत जा. उरलेले 6,00,000 लायसन्स दिल्यावर लगेच.

ताळेबंद: सपोर्ट वर्षभर पसरायचा हे बरोबर, पण तुमच्या हिशेबात 1,00,000 ची सवलत सपोर्ट सोडून बाकीच्यांवरच पडते. ती फक्त अमुक भागासाठी होती याचा पुरावा नसेल, तर सुट्या किमतींच्या प्रमाणात सगळीकडे वाटायची. म्हणजे प्रत्येकाचे 90 टक्के: लायसन्स 5,40,000, इन्स्टॉलेशन 90,000, सपोर्ट 2,70,000. सपोर्टचे महिन्याला 22,500 येतील, तेही सपोर्टची मुदत सुरू झाल्यापासून. लायसन्सची रक्कम ग्राहकाला ते वापरता येईल त्या दिवसाआधी घेता येत नाही. बिलाच्या तारखेचा महसुलाशी संबंध नाही; आधी आलेले पैसे तोवर दायित्वात राहतात.

मेघदूत२: आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, आम्ही सेटअपसकट सगळं वर्षभर पसरवतो. तुम्हीही तेच करा.

ताळेबंद: तुमचा ग्राहक सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रणेवर ठेवून चालवू शकत नसेल, तर तिथे लायसन्स नाहीच, सेवा आहे. खतावणींचं प्रकरण वेगळं. त्यांना माझा प्रश्न: हे इन्स्टॉलेशन दुसऱ्या कोणाला करता आलं असतं का?

खतावणी: नेहमी येतं, म्हणूनच सुटी किंमत आहे. पण या ग्राहकाच्या जुन्या प्रणालीशी जोडताना आमच्या टीमला मूळ कोडमध्ये बदल करावे लागताहेत.

ताळेबंद: मग वरची वाटणी लगेच वापरू नका. बदल मोठे असतील तर लायसन्स आणि इन्स्टॉलेशन मिळून एकच जबाबदारी होते. तिचे 6,30,000 काम पुढे सरकेल तसे घ्यायचे, अर्थात काम होत असतानाच ताबा ग्राहकाकडे जात असेल तर. तिमाहीअखेर एक तृतीयांश काम झालं असेल तर 2,10,000 च. फक्त जोडणीपुरता किरकोळ कोड असेल तर तीन भाग वेगळेच राहतील. ‘मोठा’ म्हणजे किती, याचा आकडा नियमात नाही.

जमाखर्च: आमच्या ऑडिटरांनी अशा वेळी विचारलं होतं, बदल न करता सॉफ्टवेअर ग्राहकाच्या कामाचं होतं का?

खतावणी: साधे रिपोर्ट निघतात, पण रोजच्या नोंदी जुन्या प्रणालीतून आपोआप येत नाहीत. त्या हाताने भरता येतात. टीमकडून बदलांची यादी आणि तास मागवले आहेत, आले की इथे टाकते.