उत्तर: उंबरठा कुठे धरायचा?

"उंबरठा १० धरा नाहीतर २०, ९९.९ टक्क्यांचा व्हीएआर जवळपास तोच येतो. मग एवढा काथ्याकूट कशाला?"

व्हीएआरपुरतं, म्हणजे ९९.९ टक्के दावे ज्या रकमेच्या आत राहतात त्या आकड्यापुरतं, खरं आहे. डेन्मार्कच्या आगविम्याचे १९८० ते १९९० चे २१६७ दावे घ्या, सगळे १० लाख क्रोनरच्या वरचे. पुढचे आकडे दशलक्ष क्रोनरमध्ये. उंबरठा, म्हणजे ज्या रकमेच्या वरचेच दावे हिशेबात घ्यायचे ती रेघ, १० ठेवला तर वर १०९ दावे उरतात. त्यांच्यावर मोठ्या दाव्यांच्या शेपटीसाठी वापरतात ते सामान्यीकृत पॅरेटो वितरण बसवल्यावर शेपटीचा जाडपणा सांगणारा ξ साधारण ०.५०, आणि पसारा सांगणारा β ७ च्या आसपास येतो. २० वर नेला की उरतात फक्त ३६, ξ ०.६८, β ९.६. व्हीएआर अनुक्रमे ९४ आणि १०२, म्हणजे फारसा फरक नाही. पण त्याच जोड्यांवरून एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल, म्हणजे व्हीएआर ओलांडणाऱ्या दाव्यांची सरासरी, काढून बघा; u म्हणजे उंबरठा:

```
ES = (VaR + β − ξ·u) / (1 − ξ)
```

पहिल्यात सुमारे १९०, दुसऱ्यात ३१० च्या घरात! सगळी गोम छेदातल्या 1 − ξ मध्ये आहे. ξ जसजसा १ कडे सरकतो तसा छेद आकसतो, आणि ξ मधली बारीकशी चूकही शॉर्टफॉलमध्ये फुगून बाहेर येते. शिवाय ξ ची प्रमाण त्रुटी ढोबळमानाने (1 + ξ)/√Nu असते, Nu म्हणजे उंबरठ्याच्या वर उरलेले दावे. ३६ दाव्यांवर ती ०.२८ भरते, त्यामुळे ०.५० आणि ०.६८ यांत निवड करायला हा डेटा पुरतच नाही. म्हणून उंबरठा पायरीपायरीने वर नेत ξ चा आलेख काढताना शेजारी शॉर्टफॉलचाही काढा. व्हीएआरची रेघ सपाट दिसली म्हणून तिथेच थांबलात तर भांडवल कमी पडू शकेल.