शंकरपटाचा गेम: उभा की आडवा?

> "शंकरपटावर गेम बनवतोय. बाजूनं दिसणारी बैलजोडी आहे, पण फोन उभा धरूनच खेळता यावा असं वाटते. जमेल का?"

भाऊ, बाजूचं दृश्य तसंच ठेवलं तर नाही जमणार. 1080 × 2400 पिक्सेलचा फोन धरा. जोडी न् छकडा मिळून 400 पिक्सेल रुंद, डाव्या कडेला. आडव्या फोनवर पुढं 2000 पिक्सेल पट दिसते, उभ्यावर फक्त 680. पट सेकंदाला 1000 पिक्सेलनं सरकत असला, तर उभ्या फोनवर खड्डा दिसल्यापासून पाऊण सेकंदही हाती राहत नाही. जोडी लहान केली तर वेळ मिळते, पण मग बैल ओळखू येत नाहीत, आणि पटात लोक बैलच पाहतात.

म्हणून कॅमेरा धुरकऱ्याच्या मागं, थोडा उंच न्या. पट खालून वर जाईल, उभ्या स्क्रीनची लांबी तुमच्या कामी येईल. शंकरपटाची दौड सरळ आणि काही सेकंदांची असते, त्यामुळं हे छान बसते. कासरा ओढायची खूण खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, एका अंगठ्याचा पल्ला तेवढाच.

गिऱ्हाईकही बदलते. एसटीत एका हातानं दांडा धरून उभा असलेला माणूस एक दौड खेळून फोन खिशात टाकेल. आडव्यात दोन्ही हात लागतात. तो खेळ घरी निवांत बसणाऱ्यांचा. तुमच्या गेमला मी पहिलाच माणूस निवडीन.

चित्रं काढण्याआधी नुसते चौकोन हलवून फाट्यावरच्या चारपाच जणांच्या हाती द्या. कोणी दुसरा हात लावला, तर खूण अजून वर आहे समजा.